टीबीच्या यादीतली बुरशी

विदर्भातल्या खेड्यात कुणाचा खोकला दोन आठवडे हटला नाही, संध्याकाळी कणकण येऊ लागली आणि अंगावरचे कपडे ढिले झाले, की पहिला संशय टीबीचा येतो. तो यायलाच हवा. पण काहींच्या थुंकीत टीबीचा जंतू सापडतच नाही. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही थुंकीची चाचणी निगेटिव्ह येते आणि एक्स-रे मात्र हुबेहूब टीबीचा दिसतो. अशा वेळी लक्षणं आणि एक्स-रे बघून औषध सुरू करण्याची मुभा डॉक्टरांना आहे. ती काढून घ्यावी असं कुणी शहाणा म्हणणार नाही, कारण थुंकीत न सापडणारा टीबी खरोखरच असतो. मात्र याच वाटेने टीबीच्या यादीत शिरणारा दुसरा एक आजार आहे. हिस्टोप्लास्मोसिस हे त्याचं नाव. तो मातीतल्या बुरशीमुळे होतो आणि टीबी म्हणून खपून जाण्याची त्याची सवय शंभर वर्षांहून जुनी आहे.

१९०५ च्या डिसेंबरात पनामा कालव्याच्या कामावरचा, मार्टिनिक बेटावरून आलेला एक सुतार दगावला. अँकॉनच्या इस्पितळात डॉ. सॅम्युअल डार्लिंग यांनी शवविच्छेदन केलं. फुप्फुसभर बारीक गाठी पसरलेल्या होत्या, म्हणजे सरळसरळ टीबी. पण सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचा जंतू काही मिळेना. त्याऐवजी पेशींच्या आत कालाआजाराच्या जंतूंसारखे गोल ठिपके भरलेले दिसले. डार्लिंगना तो नवा परजीवी वाटला. १९१२ मध्ये रोशा-लिमा यांनी हे ठिपके यीस्टच्या जवळचे असल्याचं सुचवलं, पण पुरावा मिळायला १९३४ उजाडलं. डीमॉनब्रन यांनी ही बुरशी प्रयोगशाळेत वाढवली तेव्हा तिची दोन रूपं समोर आली. बाहेरच्या तापमानाला ती तंतूंची बुरशी असते आणि शरीराच्या उबेत गोल यीस्ट होते. श्वासातून आत जातात ते तंतूंवरचे सूक्ष्म बीजाणू, आणि फुप्फुसात सापडतं ते यीस्ट. माणसाकडून माणसाला हा आजार लागत नाही, त्याचं कारण यातच आहे.

तोवर हा क्वचित आढळणारा, जीवघेणा आजार समजला जाई. १९४५ च्या सुमारास ही समजूत मोडली. अमेरिकेच्या टेनेसी भागात अनेक धडधाकट मुलांच्या आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या एक्स-रेत चुन्याचे ठिपके दिसत. असे ठिपके म्हणजे बरा झालेला टीबी, असं तेव्हाचं शास्त्र सांगे. गोची अशी की त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची टीबीची त्वचाचाचणी निगेटिव्ह येई. ख्रिस्टी आणि पामर यांनी स्वतंत्रपणे या बुरशीपासून केलेल्या द्रावाची त्वचाचाचणी घेतली, तेव्हा ती पॉझिटिव्ह निघाली. म्हणजे ओहायो-मिसिसिपीच्या खोऱ्यांत असंख्य लोकांना हा संसर्ग होऊन, नकळत बराही झाला होता. मोठ्या संख्येने लागणारा आणि बहुतेकांना काहीच न करणारा आजार, असं त्याचं खरं रूप दिसलं. १९४९ मध्ये एमन्स यांना तीच बुरशी मातीत मिळाली.

मला या इतिहासातलं सगळ्यात बोचणारं पान वाटतं ते १९५६ चं. फर्कोलो आणि ब्रॅशर यांनी दाखवलं, की टीबीच्या सॅनेटोरियममध्ये खाटा अडवून बसलेल्या काही रुग्णांना मुळात हिस्टोप्लास्मोसिस आहे. आजाराच्या या जुनाट प्रकारात फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी होते, खोकला महिनोन्‌महिने चालतो, कधी रक्तही पडतं. विडी-सिगारेट ओढणारे, आधीच फुप्फुसं खराब झालेले मध्यमवयीन पुरुष यात जास्त असतात. टीबीच्या वॉर्डातला नेहमीचा चेहराही तोच. शिवाय टीबी नसलेल्या या माणसांना शेजारच्या खाटेवरून टीबी लागण्याची भीती होती, ती वेगळीच.

भारतातली पहिली नोंद १९५४ ची, कोलकात्याची. १९७५ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या मातीतून ही बुरशी वेगळी काढली गेली. आजही बहुतेक नोंदी बंगालपासून उत्तर प्रदेश-दिल्लीपर्यंतच्या पट्ट्यातल्या आहेत, बाकी राज्यांतून तुरळक. त्यामुळे निगेटिव्ह थुंकीच्या प्रत्येक वऱ्हाडी रुग्णाला हाच आजार आहे असं समजणं चूक ठरेल. पण तो विचारातच न घेणंही चूक. बुरशीला लागते ओलसर, सावलीतली, विष्ठेने कसदार झालेली माती. पक्ष्यांचं शरीर इतकं गरम असतं की त्यांना स्वतःला ती सहसा लागत नाही, त्यांची विष्ठा फक्त खत पुरवते. वटवाघळांना मात्र संसर्ग होतो आणि ती विष्ठेतून बुरशी नव्या जागी नेऊन टाकतात. पडका वाडा, किल्ल्यातलं भुयार, बंद देवळाचा गाभारा, कोंबड्यांचं जुनं खुराडं, अशा ठिकाणी फावडं चाललं की बीजाणू धुळीबरोबर उडतात.

एक रुग्ण कल्पून बघू. वाशीमकडचा पंचावन्न वर्षांचा शेतकरी, विडी ओढणारा. उन्हाळ्यात त्याने वडिलोपार्जित वाड्याचं माळवद उतरवलं, खाली वटवाघळांच्या लेंड्यांचा थर होता. एक ते तीन आठवड्यांत ताप आणि कोरडा खोकला आला. बरोबरच्या दोन मजुरांनाही तसंच झालं, ते आपोआप बरे झाले. याचा खोकला राहिला. पाच महिन्यांनी वरच्या भागात पोकळी दिसली, सीबीनॅट दोनदा निगेटिव्ह आली आणि टीबीची औषधं सुरू झाली. दोन महिन्यांनंतरही वजन उतरतंच आहे. इथे डॉक्टरांपुढे दोनच शक्यता नसतात. औषधाला न जुमानणारा टीबी, कॅन्सर आणि बुरशी, तिन्ही तपासावी लागतात. "तुमच्याबरोबर आणखी कोण आजारी पडलं होतं?" हा साधा प्रश्न इथे मोलाचा आहे.

फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला तरी फसगत होऊ शकते. टीबीत दिसते तशीच, मध्ये कुजलेली गाठ इथेही असते आणि अहवालात "टीबीशी सुसंगत" असं लिहून येतं. म्हणून पॅथॉलॉजिस्टला संशय कळवून बुरशी रंगवून दाखवणारं पीएएस किंवा सिल्व्हर रंजन मागावं लागतं. तेव्हा दोन ते चार मायक्रॉनचे यीस्ट दिसतात. तुकड्याचा काही भाग फॉर्मालिनमध्ये न टाकता कल्चरला पाठवायचा असतो, आणि त्याचा निकाल यायला चार-सहा आठवडे लागू शकतात. लघवीतला बुरशीचा अंश, म्हणजे अँटिजेन, शोधणारी चाचणी लवकर उत्तर देते, पण ती सगळीकडे मिळत नाही आणि फुप्फुसापुरत्या जुनाट आजारात निगेटिव्ह येऊ शकते.

आजार अंगभर पसरला तर भारतीय रुग्णांत मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी बऱ्याचदा सुजतात. मळमळ, रक्तदाब उतरणं आणि कातडी काळवंडणं ही त्याची चिन्हं. शेतात राबणाऱ्याचं काळवंडणं उन्हाच्या खात्यावर जातं, आणि टीबीही याच ग्रंथी धरतो. त्यात टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे याच ग्रंथींचं संप्रेरक, लवकर संपवतं. ग्रंथी आधीच अधू असलेला माणूस टीबीचं औषध सुरू झाल्यावर काही दिवसांतच कोसळू शकतो.

उपचार इट्राकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाचा, पोकळी असेल तर किमान वर्षभर. फार गंभीर रुग्णाला आधी अ‍ॅम्फोटेरिसिन-बी शिरेतून देतात. "दोन्ही औषधं देऊन बघू" ही तडजोड मात्र इथे चालत नाही, कारण रिफाम्पिसिनमुळे इट्राकोनॅझोलचं रक्तातलं प्रमाण पार घसरतं. टीबी नाही असं ठरवून रिफाम्पिसिन बंद केलं तरी तो परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे जातात. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची असते, कारण ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. गावातल्या दुकानातून आणलेली अ‍ॅसिडिटीची गोळी रोज सकाळी चालू असेल, तर बरोबर निदान झालेल्या रुग्णालाही औषध पुरेसं लागू पडत नाही.