द्रावण एन्थाल्पी : क्षार विरघळताना पाणी थंड का होते

एक मोल क्षार भरपूर पाण्यात विरघळताना जेवढी उष्णता शोषली किंवा बाहेर टाकली जाते, तिला त्या क्षाराची द्रावण एन्थाल्पी म्हणतात. स्फटिक फोडायला लागणारी ऊर्जा आणि सुटे झालेले आयन पाण्याने वेढले गेल्यावर परत मिळणारी ऊर्जा, या दोहोंतला तो फरक असतो. पहिलीला जालक एन्थाल्पी आणि दुसरीला हायड्रेशन एन्थाल्पी असे नाव आहे. मिळकत खर्चापेक्षा कमी पडली, तर तूट पाण्याच्या उष्णतेतून भरली जाते आणि पाणी गार होते.

बेळगाव जिल्ह्यात अथणीकडच्या द्राक्षबागांत किंवा चिकोडी-रायबागच्या ठिबकवरच्या उसात याचा अनुभव हाताला येतो. ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ या नावाने मिळणारे विद्राव्य खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, KNO₃. ते बादलीत ओतून ढवळले की थोड्याच वेळात बादलीच्या बाहेरच्या अंगालाही गारवा जाणवतो. खत भेसळीचे आहे म्हणून असे होत नाही. शुद्ध पोटॅशियम नायट्रेटही असेच वागते.

त्याचे आकडे साधारण असे आहेत. एक मोल स्फटिकातले पोटॅशियम आणि नायट्रेट आयन एकमेकांपासून पूर्ण दूर न्यायला सुमारे 685 किलोज्यूल लागतात. तेच आयन पाण्यात उतरले की सुमारे 650 किलोज्यूल परत मिळतात. उरलेली 35 किलोज्यूलची तूट पाणी सोसते. मिठाचे गणितही याच वळणाचे आहे. पीयूसीच्या पुस्तकात सोडियम क्लोराइडसाठी 788 आणि 784 हे आकडे असतात आणि फरक फक्त 4 किलोज्यूल उरतो. म्हणून मीठ विरघळताना पाणी गार झाल्याचे हाताला कळतही नाही.

इथे विद्यार्थी हमखास चिन्हात अडकतात. ‘जालक वजा हायड्रेशन’ हे सूत्र दोन्ही आकडे बिनचिन्हाचे घेतले तरच चालते. हायड्रेशनचा आकडा पुस्तकात ऋण दिलेला असेल तर दोन्हींची बेरीज करायची:

ΔH(द्रावण) = ΔH(जालक) + ΔH(हायड्रेशन) = 788 + (−784) = +4 kJ/mol

ऋण आकड्यापुढे आणखी एक वजा लावला तर उत्तर 1572 येते. कोणत्याही साध्या क्षाराचे असे उत्तर आले की चिन्ह चुकले हे लगेच ओळखावे. काही पुस्तके जालक एन्थाल्पी स्फटिक बनण्याच्या दिशेने, म्हणजे ऋण लिहितात. त्यामुळे गणिताला हात घालण्याआधी व्याख्या पाहून घ्यावी.

काही क्षारांतच ही तूट मोठी का, याचे उत्तर आयनांच्या आकारात आहे आणि या विषयाचा खरा गाभा तोच आहे. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम यांचे नायट्रेट ओळीने घेतले, तर द्रावण एन्थाल्पी −2.5, +20.5 आणि +34.9 किलोज्यूल प्रतिमोल अशी चढत जाते. नायट्रेट तिन्हींत एकच आहे, बदलतो तो फक्त धन आयन. स्फटिकातले आकर्षण दोन आयनांच्या केंद्रांमधल्या अंतरावर ठरते. नायट्रेट मुळात मोठा असल्याने धन आयन लहान झाला तरी एकूण अंतर फारसे घटत नाही आणि जालक एन्थाल्पी बेताचीच वाढते. पाणी मात्र प्रत्येक आयनाला स्वतंत्रपणे वेढते. लिथियम इवलासा असल्याने पाण्याचे रेणू त्याच्या अगदी जवळ येतात आणि हायड्रेशनची मिळकत खूप वाढते. पोटॅशियम मोठा, त्याच्याभोवती पाण्याची पकड सैल आणि मिळकतही थोडी. मोठा पोटॅशियम आणि मोठा नायट्रेट एकत्र आले की पाणी गार होणार, हे म्हणूनच आधी सांगता येते.

मग तोटा होत असताना क्षार विरघळतोच कसा? शिस्तीत बसलेले आयन पाण्यात पसरले की एन्ट्रॉपी वाढते आणि 25 अंशांना पोटॅशियम नायट्रेटच्या बाबतीत ही वाढ उष्णतेची तूट जवळजवळ बरोबर फेडते. उष्णतेची ही तूट मोठी असल्याने तापमान थोडे बदलले तरी विद्राव्यता झपाट्याने बदलते. 100 ग्रॅम पाण्यात 30 अंशांना सुमारे 45 ग्रॅम, 20 अंशांना 32 ग्रॅम आणि 10 अंशांना जेमतेम 21 ग्रॅम क्षार मावतो.

यातूनच शेतावरची अडचण उभी राहते. समजा थंडीतल्या सकाळी पाणी 16 अंशांना आहे आणि 10 लिटर पाण्यात अडीच किलो खत टाकले. तक्त्याप्रमाणे 16 अंशांना सुमारे 2.7 किलो मावते, म्हणजे सगळे विरघळायला हवे. पण पहिला किलो विरघळतानाच सुमारे 10 मोल क्षार साडेतीनशे किलोज्यूलच्या आसपास उष्णता ओढतो आणि पाणी 7 ते 8 अंशांनी उतरते. पुढे दीड-पावणेदोन किलोच्या सुमारास पाणी 4-5 अंशांवर येते आणि त्या तापमानाला तेवढेच मावते. विरघळणे तिथे थांबते आणि उरलेले खत तळाला बसते. कितीही ढवळले तरी ते लगेच हलत नाही. बाहेरची उष्णता पाण्यात येईल तसतसे ते हळूहळू विरघळते.

तळाचा गाळ खताचाच की कचरा, हे पाहण्याची सोपी पद्धत आहे. चमचाभर गाळ पेलाभर कोमट पाण्यात टाकावा. तो निघून गेला तर खत होते, राहिला तर न विरघळणारा भाग आहे. हे द्रावण दुपारच्या उन्हात तापलेल्या पाण्यात करणे मला जास्त पटते. मात्र दुपारी घट्ट केलेले द्रावण रात्रभर टाकीत ठेवू नये. पहाटेच्या गारठ्यात त्यातून लांबट स्फटिक सुटतात आणि ठिबकच्या फिल्टरमध्ये अडकतात.

या सूत्राची मर्यादाही मोठी आहे. दोन अवाढव्य आकड्यांतून लहान फरक काढायचा असल्याने 685 मध्ये एक टक्क्याची चूक झाली तरी उत्तर 7 किलोज्यूलने हलते. मिठाचे 4 किलोज्यूल तर त्यात बुडूनच जातात. म्हणून द्रावण एन्थाल्पी कॅलरीमापीत थेट मोजतात आणि बहुतेक वेळा तिच्यावरूनच हायड्रेशनचा आकडा काढतात. जालकाचा आकडा एका तक्त्यातून आणि हायड्रेशनचा दुसऱ्यातून घेतला की चिन्हसुद्धा उलटू शकते.

स्फटिकातले पाणीही हिशेबात धरावे लागते. निर्जल मॅग्नेशियम सल्फेट विरघळताना पाणी चांगलेच तापते (−91 किलोज्यूल प्रतिमोल). पण खताच्या दुकानात मिळणाऱ्या सात पाण्याच्या स्फटिकाने, MgSO₄·7H₂O ने, ते किंचित गार होते (+16). त्या स्फटिकात मॅग्नेशियमभोवती पाण्याचे रेणू आधीच बसलेले असतात, त्यामुळे हायड्रेशनची बरीचशी मिळकत स्फटिक बनतानाच निघून गेलेली असते. युरियानेही बादली गार पडते, पण युरिया क्षार नाही. त्याच्या स्फटिकात आयन नसून हायड्रोजन बंधांनी धरलेले अख्खे रेणू असतात, म्हणून जालक आणि हायड्रेशनचे वरचे आयनांचे आकडे त्याला लावता येत नाहीत.