‘नको’ म्हणणाऱ्याचा पत्ता पुसू नका, जपून ठेवा
अनोळखी कंपन्यांना आमच्यामार्फत मेल पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, काकती या भागातले आमचे ग्राहक बहुतेक फाउंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक्सवाले. नवीन गिऱ्हाईक शोधायला न भेटलेल्या कंपन्यांच्या खरेदी विभागाला मेल पाठवायचा, हे काम तुम्ही आमच्याकडे देता. यादी तुमची, मजकूर दोघांचा, पाठवणं आमचं. या कामात एकच चूक आम्हाला वारंवार निस्तरावी लागते, म्हणून हे पत्रक.

चूक अशी. समोरून उत्तर येतं, “कृपया आम्हाला मेल पाठवू नका.” ते उत्तर तुमच्या इनबॉक्समध्ये येतं. तुमच्याकडचा माणूस एक्सेल उघडतो, ती ओळ डिलीट करतो आणि काम झालं असं समजतो. हेतू चांगलाच असतो. पण ओळ पुसली की त्या माणसानं ‘नको’ म्हटल्याची खूणही पुसली जाते. सहा महिन्यांनी दुसरीकडून नवी यादी येते, तोच पत्ता तीत असतो आणि त्याला अडवायला काहीच उरलेलं नसतं.

उद्यमबागेतल्या एका ग्राहकाचंच घ्या. ते पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग करतात. मार्चमध्ये आम्ही त्यांचे ३०० मेल पाठवले. अमेरिकेतल्या एका पंप कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्यानं दोन ओळींत सभ्यपणे नकार कळवला. ग्राहकाच्या पुतण्यानं ती ओळ काढली, आम्हाला कळवलं नाही. ऑक्टोबरमध्ये प्रदर्शनाच्या डिरेक्टरीवरून नवी यादी झाली. तीत तोच पत्ता, फक्त पहिलं अक्षर कॅपिटल आणि शेवटी एक रिकामी जागा. मेल गेला. या वेळी त्या माणसानं उत्तर लिहिलं नाही, ‘स्पॅम’ बटण दाबलं. त्याच्या कंपनीतल्या आणखी दोघांनीही तेच केलं. पुढच्या आठवड्यात ग्राहकाचा फोन आला की पुण्यातल्या जुन्या गिऱ्हाइकाला पाठवलेलं कोटेशन स्पॅममध्ये पडलं. कारण दोन्ही मेल पाठवणारं डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ च्या पुढचा भाग, एकच. नवीन माणसाला त्रास दिल्याची शिक्षा जुन्या धंद्याला बसते.

आकडा लक्षात ठेवा. जीमेलच्या पत्त्यांवर येणाऱ्या मेलच्या स्पॅम तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, शक्यतो ०.१ टक्क्याच्या आत, असं जीमेल पाठवणाऱ्यांना सांगतं. तीनशे मेलमागे एक तक्रार म्हणजेच ०.३३ टक्के. मोठ्या कंपनीला एखाद्या तक्रारीनं फरक पडत नाही. आपल्यासारख्या थोडे मेल पाठवणाऱ्याला पडतो.

म्हणून आम्ही प्रत्येक ग्राहकाची वेगळी ‘नको-यादी’ ठेवतो. तीत पत्ता, नकार कधी आला आणि कोणत्या मार्गानं आला, एवढंच असतं. नाव, हुद्दा, फोन नंबर काही नाही. ही यादी कधीच पुसायची नाही. “माझी माहिती काढून टाका असं त्यानं सांगितलंय, मग पत्ता ठेवायचा कसा?” असं काही जण विचारतात. रास्त प्रश्न आहे. पुन्हा मेल जाऊ नये एवढ्यासाठी एवढाच पत्ता ठेवणं युरोप-ब्रिटनच्या नियमांतही चालतं. बाकी सगळी माहिती मात्र खरोखर काढायची.

नवी यादी आली की ती आधी नको-यादीशी ताडून बघायची. हे तुम्ही तुमच्याकडेही करू शकता. एक्सेलमध्ये `Nako` नावाची शीट करा, तिच्या A रकान्यात नकार दिलेले पत्ते टाका. नव्या यादीतले पत्ते B रकान्यात असतील तर शेजारी हे सूत्र लावा:

```
=COUNTIF(Nako!A:A,TRIM(SUBSTITUTE(B2,CHAR(160),"")))
```

उत्तर 0 आलं तर पत्ता मोकळा. 1 किंवा जास्त आलं तर पाठवायचं नाही. कॅपिटल आणि छोट्या अक्षरांचा फरक हे सूत्र मानत नाही, ते आपल्या सोयीचंच आहे. `CHAR(160)` मुद्दाम घातलंय. वेबसाइटवरून कॉपी केलेल्या पत्त्याला कधी कधी न दिसणारी एक वेगळीच रिकामी जागा चिकटून येते आणि नुसत्या `TRIM` नं ती जात नाही. नको-यादीत पत्ते टाकतानाही अशी जागा राहू देऊ नका, नाहीतर जुळणी चुकेल. आणि उत्तरात “आमच्या कंपनीतल्या कुणालाच पाठवू नका” असं असेल, तर एक पत्ता टाकून भागत नाही. @ च्या पुढचं अख्खं डोमेन अडवावं लागतं. हे या सूत्रानं होत नाही. आम्ही ते वेगळं तपासतो.

आता मेलच्या तळाशी असलेल्या नकाराच्या ओळीबद्दल. “पहिल्याच पत्रात ‘नको असेल तर कळवा’ लिहिलं की बरं दिसत नाही, ती ओळ काढा,” असं दर महिन्याला कुणीतरी सांगतं. ती आम्ही काढत नाही. अमेरिकेचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा आधी परवानगी मागायला सांगत नाही, पण प्रत्येक व्यावसायिक मेलमध्ये नकाराची स्पष्ट सोय आणि तुमचा खरा टपालाचा पत्ता मागतो. कंपन्यांना पाठवलेल्या मेललाही त्यात सूट नाही. नकार १० कामाच्या दिवसांत अंमलात आणायचा, आणि नकाराची सोय मेल पाठवल्यावर निदान ३० दिवस चालू ठेवायची. नकारासाठी लॉगिन करायला लावणं, कारण विचारून अडवणं चालत नाही. उलट उत्तर पाठवणं किंवा एक पान उघडणं, याहून जास्त त्रास त्याला द्यायचा नाही.

दिवसाला चाळीसएक मेल जात असतील तर आम्ही लिंकपेक्षा साधी ओळ पसंत करतो: “आपल्याला याचा उपयोग नसेल तर ‘नको’ एवढंच उत्तर द्या, पुन्हा लिहिणार नाही.” माणसानं माणसाला लिहिल्यासारखी ती वाटते. पण मग इनबॉक्स रोज वाचायला हवा, आणि सगळे जण ‘नको’ हाच शब्द लिहीत नाहीत. कोल्हापूर-सांगलीकडून “गरज नाही” येतं, हुबळी-धारवाडकडून “ब्याड्री” येतं, बाहेरून “रिमूव्ह” किंवा “नॉट इंटरेस्टेड” येतं. हे सगळे नकारच. ‘आत्ता गरज नाही’ याचा अर्थ ‘पुढच्या महिन्यात विचारा’ असा काढू नका. त्यानं महिना सांगितला असेल तरच काढा.

मोठ्या संख्येनं पाठवायचं असेल तर मेलच्या हेडरमध्ये ही सोय घालतो:

```
List-Unsubscribe: <https://example.com/u/123>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

यामुळे जीमेलमध्ये वरच नकाराचं बटण येऊ शकतं आणि स्पॅमकडे जाणारा हात तिकडे वळतो. जीमेल आणि याहूनं २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर प्रचाराचे मेल पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलं. जीमेलच्या हिशेबात मोठं म्हणजे दिवसाला सुमारे ५,००० मेल. दुसरी ओळ विसरू नका, तिच्यामुळे नुसती लिंक उघडणं आणि बटण दाबणं वेगळं ओळखता येतं. अनेक कंपन्यांच्या सुरक्षा यंत्रणा मेलमधली प्रत्येक लिंक आपणहून उघडून बघतात. नुसती लिंक उघडताच नकार नोंदवला जाणार असेल, तर कुणी न सांगता यादी रिकामी होत जाते. मेल पोचल्यावर काही सेकंदांतच एका कंपनीतल्या सगळ्यांचे ‘नकार’ आले, तर समजा यंत्रानं दाबलंय. म्हणून आमच्या पानावर लिंक उघडली की एकच बटण दिसतं, आणि ते दाबल्यावरच नकार नोंदतो.

देशादेशाचा फरक आम्ही थोडक्यात असा सांभाळतो. अमेरिकेला वरच्या अटी पाळून पाठवतो. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत कंपनीला आधी संमतीशिवाय लिहिता येतं, पण एकट्यानं धंदा करणाऱ्याला नाही. तो कायद्याच्या दृष्टीनं व्यक्तीच. जर्मनीला आधी स्पष्ट संमती असल्याशिवाय आम्ही मेल पाठवतच नाही. तिथला कायदा कंपन्यांनाही ती मागतो, आणि एवढ्यावरून गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली तरी आमचा नियम बदलत नाही. जर्मन कंपनीला टपालानं छापील पत्र पाठवा. आपल्या कास्टिंगचे फोटो नीट दिसतात, शिवाय ते वाचलं जातं.

युरोपातल्या इतर देशांचे नियम सारखे नाहीत, म्हणून देश सांगा, आम्ही बघून सांगतो. एक गोष्ट मात्र तिथे सगळीकडे लागू आहे. ज्या पत्त्यात माणसाचं नाव आहे तो जीडीपीआर या युरोपच्या माहिती संरक्षण कायद्यानुसार वैयक्तिक माहिती ठरतो, आणि तो तुम्ही त्याच्याकडून घेतलेला नसेल तर कुठून मिळवला हे पहिल्याच मेलमध्ये सांगावं लागतं. म्हणून आमच्या फॉर्ममध्ये ‘पत्ता कुठून, कोणत्या तारखेला’ हा रकाना आहे. तो रिकामा ठेवू नका. “एजंटनं दिला” हे उत्तर पुरत नाही, कारण एजंटला कुठून मिळाला हेच विचारलं जातं. विकत घेतलेल्या याद्या आम्ही याच कारणानं घेत नाही.

आणि आपल्या देशात? ट्रायचे नियम फोन आणि एसएमएससाठी आहेत, मेलसाठी वेगळा कायदा नाही. पण डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. माणसानं स्वतःहून जाहीर केलेला पत्ता त्या कायद्याच्या बाहेर राहतो. व्हिजिटिंग कार्ड त्यानं ज्या कामासाठी दिलं त्या कामापुरतं ते वापरता येतं. हायड्रॉलिक सिलिंडरच्या चौकशीसाठी कार्ड मिळालं आणि तुम्ही त्याला भावाच्या जागेची जाहिरात पाठवली, तर ते बसत नाही. संमती मागताना सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोयही द्यायची आहे. आपल्या सीमाभागाला हे नवं नाही. पत्र मराठीत गेलं तर नकाराची ओळ मराठीत, कन्नडमध्ये गेलं तर कन्नडमध्ये, असं आम्ही आधीपासून करतो. वाचणाऱ्याला न कळणाऱ्या भाषेतली ओळ असून नसल्यासारखी.

तुमच्याकडून आम्हाला हवं ते एवढंच. नकाराचं उत्तर आलं की काहीही न पुसता त्याच दिवशी ते आम्हाला फॉरवर्ड करा. पुतण्या, एजंट, मार्केटिंगचा मुलगा, सगळ्यांकडे वेगवेगळ्या प्रती असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा. नोंद आम्ही त्याच दिवशी करतो आणि नको-यादी सांभाळण्याचे पैसे घेत नाही. पाठवण्याचं काम दुसरीकडे दिलंत तरी तुमची नको-यादी फाइल करून देतो, म्हणजे नवीन माणसाच्या हातून जुनी चूक होणार नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्याकडे परस्पर आलेले नकार शोधून काढायचे असतील तर इनबॉक्स घेऊन या, दुपारभरात बसून काढू.