पाच तुकड्यांतली ग्रामपंचायत : जिगसॉ पद्धतीने नागरिकशास्त्राचा एक पाठ

ग्रामसभेच्या गणपूर्तीचा नियम एका वाक्यात मावतो. महाराष्ट्रातल्या गावात ग्रामसभा भरायची असेल, तर गावाच्या एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर असावे लागतात. सहावीतली मुले हे वाक्य पाठ करतात आणि न अडखळता म्हणूनही दाखवतात. मात्र ६०० मतदारांच्या गावात ९५ जण जमले तर सभा भरू शकेल का, असे विचारले की वर्गातून हमखास 'नाही' असे उत्तर येते. १०० हा आकडा मुलांच्या लक्षात राहतो, 'कमी असेल तितके' हे शब्द गळून पडतात. वास्तविक ६०० चे १५ टक्के ९० होतात, ९० ही संख्या १०० पेक्षा कमी आहे, म्हणून ९५ जणांत सभा नियमाने भरते. हे उदाहरण आरंभीच देण्याचे कारण असे की जिगसॉ पद्धतीत असा नियम गटातला एकच विद्यार्थी मुळातून वाचतो आणि बाकीच्यांना तो त्याच्या तोंडून कळतो. ही पद्धत साधते कुठे आणि फसते कुठे, हे या एका नियमाच्या प्रवासावरून पुष्कळसे समजते.

पद्धतीचा उगम अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात झाला. तिथल्या शाळांमध्ये १९७१ साली गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात येऊन बसली आणि वर्गांत तणाव निर्माण झाला. टेक्सास विद्यापीठातले सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे वर्ग बारकाईने पाहिले. शिक्षक प्रश्न विचारत, मुले हात वर करत, एकाला संधी मिळे आणि उरलेल्यांना तो चुकावा असे वाटत राही. म्हणून अ‍ॅरन्सन यांनी पाठाचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. चित्रखंड जोडण्याच्या खेळात एक खंड हरवला तर चित्र अपुरे राहते, तसे इथे एकाचे बोलणे ऐकले नाही तर पाठ अपुरा राहतो. इंग्रजी नीट न येणारा एक मुलगा आपला भाग सांगताना अडखळू लागला आणि गटातली मुले त्याची थट्टा करू लागली, तेव्हा अ‍ॅरन्सन यांच्या सहकाऱ्याने मुलांना नीतीचा उपदेश केला नाही. थोड्या वेळात चाचणी आहे आणि या मुलाजवळची माहिती दुसऱ्या कोणाकडेही नाही, एवढीच आठवण करून दिली. मुले त्याला प्रश्न विचारू लागली, आणि प्रश्नांच्या आधाराने तो मुलगाही बोलू लागला. त्या प्रसंगात काम केले ते प्रत्येकाला एकट्याने द्याव्या लागणाऱ्या चाचणीने, आणि माझ्या मते या पद्धतीचा खरा कणा तोच आहे. गट पाडणे हा तिचा केवळ दिसणारा भाग आहे.

आता ग्रामपंचायतीचा पाठ घेऊ. त्याचे पाच भाग पडतात : ग्रामसभा, ग्रामपंचायतीची रचना आणि निवडणूक, सरपंच आणि उपसरपंच, ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आणि उत्पन्नाची साधने. समजा, वर्गात ३८ विद्यार्थी आहेत. पाचाने भाग जात नाही आणि प्रत्यक्ष शाळेत तो सहसा जातच नाही. अशा वेळी सात मूळ गट करावेत, चार गटांत पाच जण आणि तीन गटांत सहा जण. सहाव्या मुलाला गटातल्या एकाबरोबर जोडीने एकच भाग द्यावा. वाचनात मागे असलेल्या मुलाला किंवा वरचेवर गैरहजर राहणाऱ्या मुलाला असा जोडीदार मिळाला, तर गटाचा एक भाग अचानक नाहीसा होण्याचा धोका टळतो. मूळ गट शिक्षकाने स्वतः ठरवावेत. मुलांवर सोडले तर मैत्रीचे गट तयार होतात आणि एखाद्या गटात वाचणारे सगळेच जमतात.

पहिल्या तासिकेत मुले मूळ गटातून उठतात आणि एकच भाग मिळालेली मुले एकत्र बसतात. हा तज्ज्ञ गट. ३८ जणांत प्रत्येक भागाला सात किंवा आठ तज्ज्ञ होतात. आठ जणांच्या घोळक्यात दोघे बोलतात आणि सहा ऐकतात, म्हणून प्रत्येक भागाचे तीन-चार मुलांचे दोन तज्ज्ञ गट करावेत. ३५ मिनिटांच्या तासिकेत बसण्यात पाच मिनिटे जातात. दहा मिनिटे मुले एकेकटी वाचतात आणि उरलेल्या वेळात आपला भाग इतरांना कसा सांगायचा हे मिळून ठरवतात. दुसऱ्या तासिकेत सगळे मूळ गटात परततात आणि प्रत्येक तज्ज्ञ पाच मिनिटांत आपला भाग शिकवतो. दोन्ही तासिका लागोपाठ मिळाल्या तर फार बरे, कारण मध्ये एक रात्र गेली की सकाळी एखादा तज्ज्ञ आलेलाच नसतो.

मूळ गटात शिकवण्याखेरीज प्रत्येकाकडे आणखी एक भूमिका असते. गटप्रमुख बोलण्याची पाळी सांभाळतो, वेळ पाहणारा पाच मिनिटे संपत आल्याचे सांगतो, लेखनिक मुद्दे टिपतो, शंका विचारणारा प्रत्येक तज्ज्ञाला निदान एक प्रश्न विचारतो, आणि पडताळणारा शेवटी एखाद्याला ऐकलेला भाग स्वतःच्या शब्दांत सांगायला लावतो. यांतल्या शेवटच्या दोन भूमिका मला सर्वांत मोलाच्या वाटतात. त्या नसतील तर तज्ज्ञ आपली वही मोठ्याने वाचून काढतो, बाकीचे ते उतरवून घेतात आणि पाचही जणांच्या वह्या भरलेल्या दिसतात. वर्ग शांत असतो, मुले कामात असतात, आणि शिकवणे असे काही घडलेलेच नसते. लेखनिकाची भूमिका दर पाठाला फिरती ठेवावी. सुंदर अक्षर असलेल्या मुलीकडे ती कायमची गेली की तिला लिहिण्यापलीकडे काही करायला मिळत नाही.

पुन्हा गणपूर्तीच्या नियमाकडे येऊ. मी पाहिलेल्या एका वर्गात ग्रामसभेचा भाग असलेला मुलगा मूळ गटात ठामपणे म्हणाला, "शंभर लोक आलेच पाहिजेत." शंका विचारणाऱ्या मुलीने विचारले, "आणि गावच छोटं असेल तर?" मुलगा गडबडला, त्याने कार्ड पुन्हा वाचले आणि मग दोघांनी मिळून बोटांवर टक्केवारी काढली. शेजारच्या गटात असा प्रश्न कोणी विचारलाच नाही. चाचणीत त्या गटातल्या पाचही जणांनी १०० हेच उत्तर लिहिले. पाच वेगवेगळ्या मुलांची उत्तरपत्रिका एकाच चुकीवर जुळली, तर ती चूक तज्ज्ञाकडून आली आहे असे खुशाल समजावे. म्हणून शिक्षकाची खरी जागा तज्ज्ञ गटांपाशी आहे. उठण्यापूर्वी प्रत्येक तज्ज्ञाला एक उदाहरण सोडवायला द्यावे. २,००० मतदारांच्या गावात किती जण लागतील? तिथे १५ टक्के म्हणजे ३०० होतात, तेव्हा १०० पुरेत. ६०० आणि २,००० ही दोन्ही गावे ज्याने सोडवली, त्याला नियम कळला.

चाचणी प्रत्येकाने एकट्याने आणि वही मिटून द्यायची असते. दहा प्रश्न ठेवावेत, प्रत्येक भागावर दोन. गटाला मिळून एकच गुण देऊ नये, कारण मग एक मुलगा राबतो आणि बाकीचे त्याच्या गुणांवर पास होतात. माणसे मिळून काम करताना प्रत्येकाचा वाटा वेगळा दिसत नसेल तर जोर कमी लावतात, हे दोर ओढण्याच्या प्रयोगांतून फार पूर्वीच दिसले आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट स्लाव्हिन यांनी जिगसॉ पद्धतीत बदल करून यावर एक चांगला तोडगा काढला. प्रत्येक मुलाच्या आधीच्या गुणांशी आताचे गुण ताडून पाहायचे आणि झालेल्या सुधारणेवर गटाला शाबासकी द्यायची. मागच्या वेळी ४ गुण मिळवलेल्या मुलाने आता ६ मिळवले, तर त्याने गटाला खरी भर घातली. त्यामुळे मागे असलेल्या मुलाला शिकवण्यात गटाचाही फायदा असतो.

या चाचणीचे गुण तपासताना बेरजेवर थांबू नये. प्रत्येक मुलाचे स्वतःच्या भागाचे २ पैकी गुण एका रकान्यात आणि इतरांकडून ऐकलेल्या चार भागांचे ८ पैकी गुण दुसऱ्या रकान्यात लिहावेत. पहिल्या रकान्यात सगळीकडे २ आणि दुसऱ्यात ३ किंवा ४ असे दिसू लागले, तर मुले वाचायला शिकली आहेत, पण एकमेकांना शिकवू शकलेली नाहीत. ही फट काल्पनिक नाही. जर्मनीत बारावीच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांना स्वतः शिकवलेला भाग चांगला आला होता, इतरांकडून ऐकलेल्या भागांत मात्र ती मागे होती. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०२२ साली पाच प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांतही गुणांच्या बाबतीत जिगसॉचा म्हणावा असा लाभ आढळला नाही. जिगसॉ वापरला की मुलांचे गुण आपोआप वाढतात असे जे सांगितले जाते, ते या निष्कर्षांपुढे टिकत नाही. हे शिक्षकांना स्पष्ट सांगायला हवे, कारण अपेक्षाभंग झाला की पद्धतच टाकून दिली जाते.

पाठ निवडतानाही डोळस असावे लागते. ग्रामपंचायतीचे पाचही भाग वेगवेगळे वाचले तरी समजतात. विधेयकाचा कायदा कसा होतो, हा पाठ मात्र असा तोडता येत नाही. पहिले वाचन माहीत नसलेल्या मुलाला राष्ट्रपतींच्या संमतीचा तुकडा देऊन उपयोग नसतो, तिथे शिक्षकाने फळ्यासमोर उभे राहून ओळीने शिकवणेच योग्य. ज्या पाठाचे तुकडे वेगळे उभे राहतात, त्यातही ते शेवटी जोडणारा एक प्रश्न हवा, नाहीतर चार कप्प्यांत चार माहित्या पडून राहतात. आमच्या पाठासाठी तो प्रश्न असा असतो : ६०० मतदारांच्या गावात पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा विषय ग्रामसभेपुढे आला आहे आणि ८८ जण जमले आहेत, सभा भरेल का, इतिवृत्त कोण लिहील आणि खर्चासाठी कोणत्या उत्पन्नाकडे पाहता येईल? ८८ हा आकडा ९० च्या खाली मुद्दाम ठेवलेला आहे. उत्तरपत्रिकेत एका मुलीने गणपूर्ती, ग्रामपंचायत अधिकारी आणि पाणीपट्टी हे तिन्ही बरोबर लिहिले होते. तिचा स्वतःचा भाग निवडणुकीचा होता.