मृत्युपत्राचे साक्षीदार आणि प्रोबेट

मृत्युपत्र हा असा दस्तऐवज आहे की तो वापरात येतो तेव्हा तो करणारी व्यक्ती हयात नसते. विक्रीखतावरच्या सहीबद्दल शंका आली तर विकणाऱ्याला साक्षीला बोलावता येते. मृत्युपत्राच्या बाबतीत तो मार्ग बंद झालेला असतो. म्हणून सही होताना जी माणसे समोर होती त्यांनी पुढे कोर्टात काय पाहिले ते सांगावे, अशी सोय कायद्याने करून ठेवली आहे. या माणसांना साक्षांकन करणारे साक्षीदार म्हणतात. त्यांच्या पुराव्याच्या आधारे मृत्युपत्र खरे ठरवून कोर्ट जो आदेश देते तो म्हणजे प्रोबेट.

भारतात या विषयाचा मुख्य कायदा भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ हा आहे. त्याच्या कलम ६३ नुसार किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येक साक्षीदाराने मृत्युपत्रकर्त्याला सही किंवा अंगठा करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही सही माझीच आहे’ अशी कबुली खुद्द त्याच्याकडून घेतलेली असावी. शिवाय प्रत्येक साक्षीदाराने स्वतःची सही मृत्युपत्रकर्त्याच्या समोर केलेली असावी. मजकूर वाचलेला असण्याची साक्षीदाराला गरज नाही. संपत्ती कोणाला दिली हे त्याला ठाऊक नसले तरी चालते, कारण तो सहीचा साक्षीदार असतो, वाटणीचा नव्हे.

नियम साधे दिसतात, पण चूक क्रमात होते. समजा, एका गृहस्थाने रविवारी एका शेजाऱ्यासमोर मृत्युपत्रावर सही केली आणि शेजाऱ्याने तिथेच साक्षीदार म्हणून सही केली. दुसरा साक्षीदार सोमवारी आला. गृहस्थाने त्याला आपली सही दाखवून ती आपलीच असल्याचे सांगितले आणि त्याने त्यांच्यासमोर सही केली. भारतीय कायद्यानुसार हे साक्षांकन पुरे आहे, कारण दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची अट इथे नाही. इंग्लंडच्या १८३७ च्या कायद्यात मात्र ती आहे: सही किंवा तिची कबुली दोन्ही साक्षीदार एकत्र हजर असताना व्हावी लागते. तिथल्या १९७२ च्या एका निकालात मृत्युपत्रकर्ता रुग्णालयात होता, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण आणि एक परिचारिका साक्षीदार होते. सही अर्धवट झाली असताना परिचारिका दुसऱ्या रुग्णाकडे गेली, परत येऊन तिने सही केली, आणि तेवढ्यावरून ते मृत्युपत्र रद्दबातल ठरले. आता आपल्या उदाहरणातला दुसरा साक्षीदार सोमवारी कागद घरी घेऊन गेला आणि तिथे सही करून परत पाठवला, तर भारतातही मृत्युपत्र टिकत नाही. त्याने मृत्युपत्रकर्त्यासमोर सही केलेली नाही.

साक्षीदार कोण असावा, हा प्रश्न वेगळा. लाभार्थी किंवा त्याची पत्नी वा पती साक्षीदार झाला तर मृत्युपत्र टिकते, पण त्या लाभार्थ्याला दिलेला हिस्सा बाद होतो, असे इंग्लंडचा कायदा आणि आपल्याकडचे कलम ६७ दोन्ही सांगतात. कलम ६७ हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू नाही. तरीही लाभार्थ्याला साक्षीदार करू नये हेच योग्य, कारण ज्याला घर मिळणार तोच सहीची साक्ष देऊ लागला की त्याच्या शब्दाचे वजन कमी होते. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी नेमलेली व्यक्ती, मात्र साक्षीदार होऊ शकते. वयाने मृत्युपत्रकर्त्यापेक्षा लहान आणि सहज सापडेल असा साक्षीदार निवडणे सर्वांत उपयोगाचे, कारण साक्ष कदाचित वीस-तीस वर्षांनी द्यावी लागेल.

त्या साक्षीत नेमके काय सांगावे लागते याकडे फार कमी लोक लक्ष देतात. पुराव्याच्या कायद्यानुसार मृत्युपत्र सिद्ध करायला, साक्षीदार हयात आणि उपलब्ध असतील तर, किमान एकाला तपासावे लागते. पण त्या एकाने दोघांचेही साक्षांकन सिद्ध केले पाहिजे. २००२ मध्ये निकाल लागलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर एकच साक्षीदार तपासला गेला होता आणि दुसऱ्याने मृत्युपत्रकर्त्यासमोर सही केली का हे त्याला सांगता आले नाही. दुसरा साक्षीदार हयात असूनही त्याला बोलावले नव्हते. मृत्युपत्र सिद्ध झाले नाही. नोंदणीने ही उणीव भरून निघत नाही. नोंदणीकृत मृत्युपत्रालाही साक्षीदार तपासावा लागतो. दोन्ही साक्षीदार मरण पावले असतील तर त्यांच्यापैकी एकाचे हस्ताक्षर आणि मृत्युपत्रकर्त्याची सही ओळखणाऱ्या माणसाचा पुरावा चालतो.

साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र होऊच शकत नाही असे नाही. फ्रान्समध्ये संपूर्ण मजकूर स्वहस्ताक्षरात, तारीख आणि सहीसह लिहिला तर साक्षीदार लागत नाहीत. तिथे पानभर हस्ताक्षर हाच पुरावा मानला आहे, म्हणून टंकलिखित मजकुराखालची नुसती सही तिथे पुरत नाही.

प्रोबेटसाठी अर्ज करतो तो मृत्युपत्रात नेमलेला एक्झिक्युटर. मृत्यूनंतर सात दिवस पूर्ण होण्याआधी प्रोबेट देता येत नाही. अर्जासोबत मूळ मृत्युपत्र आणि संपत्तीचा तपशील जोडायचा असतो आणि शक्य असेल तर एका साक्षीदाराचे सत्यापन घ्यायचे असते. हितसंबंधी लोकांना कळवण्यासाठी कोर्ट नोटिसा काढू शकते. कोणी कॅव्हेट, म्हणजे आपले ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नये असा अर्ज, दाखल करून विरोध केला की अर्जाचे रूपांतर दाव्यात होते. सही थरथरती असणे, मृत्युपत्रकर्ता तेव्हा फार आजारी असणे, ज्याला सगळे मिळाले त्यानेच मजकूर लिहून घेण्यात पुढाकार घेतलेला असणे, या गोष्टींचे समाधानकारक उत्तर मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याने द्यायचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच स्पष्ट केले आहे.

मग प्रोबेट करते काय? ते दोनच गोष्टी ठरवते: हेच त्या व्यक्तीचे शेवटचे, रीतसर आणि शुद्धीत केलेले मृत्युपत्र आहे, आणि हाच तिचा एक्झिक्युटर आहे. एवढ्यापुरता निर्णय फक्त वादातल्या पक्षांवर नव्हे तर सर्वांवर बंधनकारक असतो. त्याचा परिणाम मृत्यूच्या तारखेपासून धरला जातो, त्यामुळे एक्झिक्युटरने मधल्या काळात केलेली कामेही वैध ठरतात.

मालकीचा प्रश्न मात्र प्रोबेट सोडवत नाही, आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. वडिलांनी सगळे घर मुलीला दिले, पण त्यात अर्धा वाटा काकांचा होता. प्रोबेट मिळाले तरी काकांचा अर्धा वाटा तसाच राहतो. वडिलांना ते घर देण्याचा अधिकार होता का, हा वाद प्रोबेट कोर्टात चालत नाही, त्यासाठी वेगळा दावा लागतो. तसेच प्रोबेट मिळताच लाभार्थ्याच्या हाती संपत्ती येत नाही. एक्झिक्युटरने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब कोर्टात द्यायचा असतो. अंत्यविधीचा खर्च आणि कर्जे फेडून जे उरेल ते वाटायचे असते.

एक्झिक्युटर नेमलेलाच नसेल, किंवा त्याने नकार दिला असेल, तर प्रोबेट मिळत नाही. मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्र, म्हणजे संपत्तीचा कारभार पाहण्याचा अधिकार देणारा कोर्टाचा आदेश, मिळते. व्यवहारात त्याचा उपयोग जवळजवळ सारखाच होतो. पुढे याहून नंतरचे मृत्युपत्र सापडले, तर दिलेले प्रोबेट कोर्ट रद्द करू शकते. तोवर प्रोबेटवर विसंबून प्रामाणिकपणे एक्झिक्युटरला पैसे दिलेल्या बँकेला किंवा ऋणकोला मात्र ते पुन्हा भरावे लागत नाहीत.