आजी गप्प, तरी हलगी का दबते?

परभणीच्या माझ्या भाच्याने आठवडी बाजारावर एक छोटा मोबाइल गेम तयार केला आहे. त्यात हलगी वाजत राहते, बैलांचे घुंगरू ऐकू येतात आणि आजी "लेकरा, उजवीकडं वळ" अशी वाट सांगते. आजीचा आवाज शून्यावर ठेवून नुसता मजकूर वाचत खेळणाऱ्या त्याच्या मित्राची तक्रार होती की, हलगी मधूनमधून आपोआप दबते. सर्वांनी दोष स्पीकरला दिला. तो तिथे नव्हता.

गेममध्ये संगीत, इफेक्ट आणि संवाद यांचे तीन प्रवाह वेगळे ठेवलेले असतात. प्रत्येक प्रवाहाला 'बस' म्हणतात, आणि दुधना पूर्णेला मिळते तशा या बस शेवटी 'मास्टर' बसला मिळतात. सेटिंगमधील प्रत्येक स्लायडर आपापल्या बसचा आवाज ठरवतो.

संवाद सुरू होताच संगीत तात्पुरते खाली आणणे म्हणजे 'डकिंग'. त्याऐवजी आजीचाच आवाज वाढवत गेलो, तर तिन्ही बसची बेरीज डिजिटल ध्वनीची कमाल मर्यादा ओलांडते आणि लहरींची टोके छाटली जाऊन आवाज फाटतो. '२०० टक्के आवाज' देणाऱ्या ॲपच्या जाहिराती हे सोयीस्करपणे विसरतात.

भाच्याने डकिंग १२ डेसिबलचे ठेवले होते, म्हणजे हलगीच्या लहरींची उंची सुमारे एक चतुर्थांश होते. डेसिबलमधील घट बेरजेने वाढते: खेळाडूने हलगी आधीच ६ डेसिबल कमी केली असेल, तर आजी बोलताना ती एकूण १८ ने खाली असते आणि नंतर पुन्हा उणे ६ वर येते. म्हणून डकिंगची घट स्लायडरच्या आकड्यावर न लिहिता वेगळी ठेवावी लागते. खाली येण्यास दशांश सेकंद पुरतो. वर येण्यास मात्र सेकंदभर द्यावा, अन्यथा आजीच्या दोन शब्दांमधल्या विरामातही हलगी उसळते.

आता मूळ दोष. आजी बोलते आहे की नाही, हे डकिंग संवाद बसची पातळी मोजून ओळखते, आणि भाच्याने ती स्लायडरच्या आधी मोजली होती. त्यामुळे मित्राला न ऐकू येणारी आजीही हलगी दाबत होती. मोजणी स्लायडरच्या नंतर नेल्यावर तक्रार मिटली, पण नवी उद्भवली. डकिंग उणे ३० डेसिबलच्या वर सुरू होणार होते आणि आजीचे ध्वनिमुद्रण उणे २२ च्या आसपास होते. खेळाडूने स्लायडर १२ डेसिबल खाली घेतला की पातळी उणे ३४ होई, म्हणजे आजी हळू बोलत असताना, जेव्हा हलगी दबायला हवी नेमके तेव्हाच, ती दबत नसे.

अखेर मोजणी स्लायडरच्या आधीच ठेवून, संवाद शून्यावर असेल तेव्हाच डकिंग बंद करण्याची अट घातली. पडताळणीसाठी आजीचा स्लायडर शून्यावर नेला आणि तिचे वाक्य पडद्यावर उमटत असताना संगीत बसच्या मीटरकडे पाहिले: हलगीच्या ठोक्यांबरोबर तो नाचत होता, पण वाक्याबरोबर खचत नव्हता.