शके १५३५? पान जरा उजेडात धरा

जिल्ह्याच्या पानावर दर दोन-चार महिन्यांनी एक बातमी ठरलेली असते: अमुक गावात जुन्या वाड्याच्या माळ्यावर सातशे वर्षांपूर्वीची पोथी सापडली. फोटोत लाल बस्ता, लाकडी पाट्या आणि पिवळी पडलेली आडवी पानं. बातमीतलं वय बहुतेक वेळा पोथीचं नसतं, ग्रंथाचं असतं. लीळाचरित्र तेराव्या शतकातलं आहे, पण रिद्धपूरच्या परिसरात आज कुणाच्या घरी त्याची नक्कल मिळाली, तर ती नक्कल दीडशे वर्षांपूर्वीचीही असू शकते. ग्रंथ कधी रचला आणि ही प्रत कधी लिहिली, हे दोन प्रश्न आधी वेगळे करावे लागतात. इथे फक्त दुसऱ्याचा विचार करू.

उदाहरणासाठी एक पोथी कल्पू. अमरावती जिल्ह्यातलं गाव, बाळबोध लिपी, सुटी आडवी पानं, काळी शाई. शेवटच्या पानावर समाप्तीचा मजकूर आहे: ‘शके १५३५ विजयनाम संवत्सरे’. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारीपासून चैत्राच्या आधीपर्यंतची तिथी असेल तर ७९), म्हणजे सन १६१३. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधीची पोथी! मालक खूश, वार्ताहरही खूश.

आता कागद-पेन्सिल घ्या. महाराष्ट्रात चालणाऱ्या पद्धतीत संवत्सराची साठ नावं क्रमाने फिरतात आणि शकाशी त्यांचं नातं पक्कं आहे. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं. जी बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव हा पहिला. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. ताळा पाहायचा तर शके १६८२ घ्या, पानिपताचं साल. १६८२ अधिक १२ म्हणजे १६९४, त्यातून १६८० गेले, उरले १४. चौदावा संवत्सर विक्रम, आणि पानिपत विक्रम संवत्सरातच झालं. आता आपली पोथी: १५३५ अधिक १२ म्हणजे १५४७, भागून बाकी ४७. सत्तेचाळिसावा संवत्सर प्रमादी. विजय तर सत्ताविसावा. वीस वर्षांचा फरक.

फरक एकाच वर्षाचा असता तर सोडून दिला असता, कारण काही लिहिणारे चालू शक धरतात तर काही सरलेला. उत्तर हिंदुस्थानातल्या पद्धतीत नावं वेगळी पडतात, म्हणून विक्रम संवत घातलेल्या पोथीला हे गणित लावू नये. पण शालिवाहन शक आणि वीस वर्षांचा घोळ, याचा अर्थ दोनांपैकी एक गोष्ट चुकली आहे. नाव अक्षरात लिहिलेलं असतं, ते सहसा बिघडत नाही. आकडा बिघडतो किंवा बिघडवला जातो. विजय संवत्सर शके १५१५, १५७५, १६३५, १६९५, १७५५ असा दर साठ वर्षांनी येतो. यातल्या पहिल्या तिघांत आणि १५३५ मध्ये एकाच आकड्याचा फरक आहे. गणिताने उमेदवार दिले, निवड आता वस्तूने करायची.

पहिली वस्तू कागद. रंगाकडे बघू नका. चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवलेलं पन्नास वर्षांचं पान धुराने तपकिरी होतं आणि लाकडी पेटीत बस्त्यात गुंडाळलेलं तीनशे वर्षांचं पान पांढरट राहतं. पान सपाट काचेवर ठेवून काचेखालून मोबाइलचा टॉर्च लावा आणि मध्ये पातळ पांढरा कागद घाला, म्हणजे उजेड सारखा पसरेल. जुना हातकागद, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात होत असे तसा, ताग, दोरखंड आणि चिंध्यांच्या लगद्यातून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर उचललेला असतो. त्यामुळे पानात काड्यांच्या बारीक समांतर रेषा दिसतात आणि त्यांना छेदणाऱ्या, काड्या जिथे बांधल्या तिथल्या, विरळ आणि थोड्या वाकड्या रेषा. जाडी ढगाळ असते, एखाद्या जागी न कुटलेला धागाच सापडतो. मग कागदाला पिठाची खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटलेला असतो. पान तिरपं धरलं तर घोटल्याची चमक पट्ट्यापट्ट्यांनी दिसते.

या रेषा अजिबात नसतील आणि लगदा एकसारखा असेल, तर तो बहुधा युरोपी पद्धतीचा किंवा गिरणीचा कागद. विलायती कागदात कधी कधी जलचिन्हात सालच असतं, कारण १७९४ च्या ब्रिटिश कायद्याने निर्यातीच्या कागदावरचा कर परत मिळवण्यासाठी ते घालावं लागे. असं साल सापडलं तर वाद संपला: पोथी त्याच्या आधीची नाही. लाकडाच्या दळलेल्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. तो कडेकडून आत पिवळा पडत जातो आणि दुमडला की तुटतो. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुनं’ केलेलं पान मात्र मध्यभागीही तितकंच रंगलेलं असतं आणि घडीत डाग जास्त गडद असतो. गुप्तधनाचा ठावठिकाणा सांगणाऱ्या म्हणून ज्या पोथ्या आपल्याकडे लाख-दोन लाखांना फिरतात, त्यांतल्या पुष्कळांची परीक्षा इथेच संपते. ज्याच्याजवळ गुप्तधनाचा खरा पत्ता आहे तो ती विकेल कशाला, हा प्रश्न विज्ञानाचा नाही, पण तोही विचारून घ्यावा.

आपल्या पोथीत काड्यांच्या रेषा आहेत. म्हणजे उमेदवारांपैकी कुणीच बाद झाला नाही, कारण असा कागद ब्रिटिश काळातही होत होता. इथे अनेक जण म्हणतात, मग कार्बन डेटिंग करा. या कामासाठी ती पद्धत जवळजवळ निरुपयोगी आहे. साधारण सन १६५० नंतर हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण असं वरखाली होत राहिलं की एकाच मोजमापाला तीन-चार वेगवेगळे काळ जुळतात. १६७०, १७८० आणि १९२० यांतलं नेमकं कोणतं, हे यंत्र सांगू शकत नाही. शिवाय ते ताग कधी कापला ते सांगतं, लेखन कधी झालं ते नाही.

म्हणून शाई. पोथीलेखनाची देशी काळी शाई म्हणजे काजळ आणि बाभळीचा डिंक, खलात तासन्‌तास घोटलेला. काजळ म्हणजे कार्बनचे कण. ते कागदावर बसून राहतात, रासायनिकरीत्या काही करत नाहीत, म्हणून फिके पडत नाहीत. फक्त ओल लागली की डिंक सुटतो आणि अक्षर पसरतं. दुसरी शाई हिरडा किंवा माजूफळाच्या काढ्यात हिराकस घालून होते. हिराकसातलं लोह काढ्यातल्या तुरट द्रव्याशी जुळतं, पण लिहिताना ते द्रावण फिकट असतं. कागदावर हवेतला प्राणवायू लागला की लोहाचं रूप बदलतं आणि अक्षर काळं होतं. काळेपणा कागदाच्या धाग्यांत तयार होतो, म्हणून ही शाई खरवडून नीट निघत नाही. हीच तिची खोडही आहे: उरलेलं लोह आणि आम्ल धाग्यांना खात राहतं, अक्षर तपकिरी होतं, त्याभोवती तांबूस वलय येतं आणि शेवटी अक्षराच्या जागी जाळी पडते. पानाला अक्षराच्याच आकाराची भोकं दिसली तर ती वाळवीची नाहीत, शाईची आहेत.

डोळ्यांना दोन्ही काळ्या दिसतात, पण अवरक्त प्रकाशात त्यांची फारकत होते. अवरक्त गाळणी काढून टाकलेल्या कॅमेऱ्यावर साधारण १००० नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश आत सोडणारी काच लावली की लोहाची शाई जवळजवळ नाहीशी होते. कार्बन अवरक्त प्रकाशही गिळतो, म्हणून काजळ काळंच राहतं. रंगद्रव्याच्या आधुनिक शायाही बहुतेक गायब होतात. त्या शाया १८५६ मध्ये पहिलं कृत्रिम रंगद्रव्य निघालं त्यानंतरच्या, त्यामुळे अशा शाईची जांभळी अक्षरं असलेली पोथी त्याच्या आधीची धरता येत नाही.

आता समाप्तीचं पान या कॅमेऱ्याखाली. सगळा मजकूर काळा, म्हणजे काजळ. फक्त सालातला ‘५’, शतकाच्या जागचा, फिका पडून जातो आणि त्याच्या जागी तुटक काळ्या ठिपक्यांचा ‘६’ उमटतो. कुणीतरी मूळ आकडा खरवडून वर दुसऱ्या शाईने ५ काढला, पण धाग्यांत अडकलेले काजळाचे कण राहिलेच. खातरजमा साध्या टॉर्चने होते: खोली अंधारी करून उजेड पानाला जवळजवळ समांतर धरला, तर बाकी ठिकाणी घोटल्याची चमक असते आणि या एका आकड्याखाली धागे केसांसारखे उभे दिसतात. साल होतं शके १६३५, विजयनाम संवत्सर, सन १७१३. गणिताच्या यादीत तो उमेदवार होताच.

पण एवढ्यावर ही पोथी १७१३ ची ठरत नाही. नकलनवीस शेवटी लिहून मोकळे व्हायचे, ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया’, जसं पाहिलं तसं लिहिलं. काही जण समोरच्या पोथीतलं सालही तसंच उतरवत. म्हणून लेखणी पाहायची. बोरूचा टोकदार तुकडा तिरपा छाटलेला असतो, त्याची रेघ एका दिशेने जाड, दुसऱ्या दिशेने बारीक येते आणि तळ सपाट असतो. पोलादी टाक दाब दिला की फाकतो आणि कागदात दोन समांतर चरे पाडतो. दहापट भिंगातून रेघेच्या दोन्ही कडांना शाई साचलेली दिसते. असे टाक १८२० नंतर कारखान्यात निघू लागले, गावापर्यंत यायला आणखी वेळ लागला. चरे असतील तर ती शके १६३५ च्या पोथीची नक्कल. आपल्या पोथीत नाहीत.

लिपीवरून वय सांगणं मी सगळ्यांत शेवटी ठेवेन. अक्षराच्या आधी उभी रेघ काढून एकार दाखवणारी पडिमात्रा दिसली तर लेखन जुन्या वळणाचं आहे, एवढं म्हणता येतं. पण सत्तर वर्षांचा लेखक आपल्या लहानपणचं वळण गिरवतो आणि मठातला शिष्य गुरूचं, त्यामुळे पन्नास-साठ वर्षांची चूक सहज होते. ताडपत्राची बातमी आली तर नुसतं पान पुढे करू नका, भोक पाहा: खऱ्या ताडपत्राला दोरी ओवायचं भोक असतं आणि मजकूर त्याच्याभोवती जागा सोडून जातो. अक्षर भोकावरून गेलं असेल तर भोक नंतरचं आहे.

बांधणीतही हीच नजर लागते. किडीचं भोक गठ्ठ्यातून आरपार सलग जातं. एखाद्या पानावर ते अचानक तुटलं तर ते पान बाहेरून आलं. आणि भोकाच्या कडेवर शाई उतरलेली दिसली, तर जुन्या कोऱ्या कागदावर नंतर कुणी लिहिलं आहे. आपल्या पोथीत भोकं शेवटच्या पानापर्यंत जुळतात आणि त्यांच्या कडा कोरड्या आहेत, म्हणजे समाप्तीचं पान बाकीच्या पानांबरोबरचंच आहे.

हे सगळं पाहताना दोन गोष्टी सांभाळा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत पोथी उघडू नका, पानं कडेला तुटतात; पावसाळा सरल्यावर उघडा. आणि चुकीच्या अक्षरांवर पिवळा लेप दिसला तर बोट थुंकीने ओलं करून पान उलटू नका. तो हरताळ आहे, आर्सेनिकयुक्त. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला.