मामा तलाव आणि ‘निस्तार’ या शब्दाचा गुंता

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजेच मामा तलावांवर, शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था का रुजत नाहीत, याची चर्चा बहुधा २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यापासून सुरू होते. गुंता त्याच्या अर्धशतक आधीचा आहे.

गोंड राजवटीत कोहळी कुटुंबांनी बांधलेले हे तलाव पुढे गावाचा महसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांकडे आले. तलावाच्या पाळीची, म्हणजे बांधाची, डागडुजी आणि तुडुमातून, म्हणजे पाणी सोडण्याच्या दारातून, धानाला पाणी देण्याचा क्रम गावाच्या रिवाजाने ठरत असे आणि तो रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावाच्या रिवाजांच्या नोंदपत्रात नोंदला जाई. हा रिवाज समन्यायी होता असे नाही, कारण शेवटचा शब्द मालगुजाराचाच असे.

१९५० च्या मालगुजारी निर्मूलन कायद्याने मालगुजारांचे हक्क शासनाकडे गेले. या कायद्यातील एका अपवादाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. गावठाण व कब्जातील जमीन यांबाहेरचा जो तलाव मालगुजाराच्या ताब्यात होता आणि ज्याच्या पाण्यावर त्याच्याखेरीज कोणाचाही सिंचनहक्क नव्हता, तो त्याच्याकडेच राहिला. म्हणजे ज्या तलावावर गावाचा हक्क होता, नेमका तोच सरकारी झाला. पुढे १९६६ च्या जमीन महसूल संहितेत वाजिब-उल-अर्जची तरतूद कायम राहिली खरी, पण सिंचन व मासेमारीचे रिवाज नोंदवायचे ते शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या वा ताब्यातल्या नसलेल्या जमिनी आणि पाण्यापुरतेच. त्यामुळे सरकारी झालेल्या तलावाचा रिवाज या तरतुदीच्या बाहेर पडला. चराई आणि जळाऊ लाकूड अशा गावकऱ्यांच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे निस्तारासाठी, निस्तारपत्रक उरले. शेतकऱ्यांच्या बोलण्यात मात्र ‘निस्तार’ म्हणजे तलावाचे फुकट पाणीसुद्धा, आणि पाणीपट्टीची मागणी झाली की वाद याच शब्दावर अडतो. माझ्या मते हा हट्ट नव्हे. गावाचा हक्क काढून घेताना त्याची भरपाई कोणी सांगितलीच नव्हती.

नंतरच्या संस्था या पोकळीवर उभ्या राहिल्या. १९९५ पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी पाणलोट समित्या आल्या, २००३ मध्ये सूत्रे ग्रामपंचायतींकडे गेली आणि २००८ मध्ये ग्रामसभेच्या समितीला पुन्हा स्थान मिळाले. २००५ च्या कायद्यानुसार संस्थेला लाभक्षेत्र आखून, पाणी मोजून द्यायचे असते. मामा तलावाच्या तुडुमावर मोजणीची सोयच बहुधा नसते.

त्यात मासेमारी सहकारी संस्थेचा ठेका वेगळाच असतो. पावसाने लवकर पाठ फिरवली की ऑक्टोबरमध्ये निसवत्या धानाला अखेरचे पाणी हवे असते आणि पुच्छभागातले शेतकरी तुडुम उघडा म्हणतात. त्याच वेळी मासेमारी करणाऱ्या ढिवरांना मासे वाढेपर्यंत तलावात पाणी राहायला हवे असते. पाणी वापर संस्थेत मासेमाराला मत नाही, मासेमारी संस्थेत शेतकऱ्याला नाही. तुडुम कोणत्या पातळीला बंद करायचा, हे दोघांनी मिळून ठरवावे अशी जागा कोणत्याही कागदावर नाही, आणि ती पातळी दाखवणारी खूणही बहुतेक पाळींवर नाही.